दवाखान्याच्या दारावरची सूचना: वेळ आणि फी बदलताना काय चुकलं, काय सुधारलं

मी गेली काही वर्षं मुंबईतल्या तीन-चार फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांची बाहेरची बाजू सांभाळते. बाहेरची बाजू म्हणजे काउंटर, फोन, केसपेपर, हिशोब आणि दारावर लागणारे कागद. हे प्रकरण त्यातल्या एका दवाखान्याचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर हा दवाखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मुलगी चालवते. पेशंट त्यांना मॅडम म्हणतात. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते दहा, ही वेळ वडिलांच्या काळापासूनची. अपॉइंटमेंट हा प्रकार नव्हता. यायचं, काउंटरवर नाव सांगायचं, नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि बाकावर बसायचं. फी १५० रुपये, त्यातच दोन दिवसांचं औषध. त्याच दुखण्यासाठी तीन दिवसांत परत दाखवायला आलं तर पैसे नाहीत. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

बदल करायची कारणं खरी होती. दहा वाजता दार लावायचं असलं तरी शेवटचा पेशंट निघायला पावणेअकरा व्हायचे. औषध बांधणारे कंपाउंडर मामा साठी ओलांडलेले, राहायला बदलापूरला. घरी पोचेपर्यंत त्यांना मध्यरात्र उलटायची. फी चार वर्षांत वाढलेली नव्हती आणि औषधांची खरेदी तर दर वर्षी महागत होती. मॅडमनी ठरवलं, संध्याकाळ साडेआठला आटपायची, फोनवर वेळ द्यायची पद्धत सुरू करायची आणि फी वाढवायची. निर्णय योग्यच होता आणि पुढेही तो आम्ही फारसा बदलला नाही. घोळ झाला तो सांगण्यात.

पहिली सूचना

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दारावर हा कागद लागला:

> सूचना
> सर्व रुग्णांस कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव दि. १ पासून दवाखान्याच्या वेळेत व तपासणी शुल्कात बदल करण्यात येत आहे. वेळ: स. ९.३० ते १२.३० व सायं. ५.३० ते ८.३०. पूर्वनियोजित वेळ घेतल्याशिवाय रुग्ण तपासले जाणार नाहीत. तपासणी शुल्क रु. २५०/-, फेरतपासणी रु. १००/-. कृपया सहकार्य करावे. वाद घालू नये.
> आदेशावरून

काउंटरवरच्या मुलीने हा मजकूर दुसऱ्या एका कार्यालयातली सूचना समोर ठेवून लिहिला होता. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सूचना म्हटलं की हीच भाषा हाताला येते. मॅडमनी तपासण्यांच्या गडबडीत सही केली.

काय झालं

एक तारखेपासून पाच दिवसांत काउंटरवर इतकी बोलाचाली झाली की मला फोन आला. मी दोन संध्याकाळी बाकावर नुसती बसून राहिले आणि लोक काय विचारतात ते वहीत लिहीत गेले. सूचना कुठे फसली हे कागद वाचून कळत नाही. ती वाचलेला माणूस पुढचा प्रश्न कोणता विचारतो, यावरून कळतं.

पहिला घोळ आकड्यांचा. सूचना झेरॉक्सची झेरॉक्स होती, अक्षर बारीक. देवनागरीतला १ आणि ९ अशा कागदावर सारखेच दिसतात. एक गृहस्थ भर दुपारी दीड वाजता येऊन बंद दारासमोर उभे राहिले, कारण त्यांनी ९.३० हे १.३० वाचलं होतं.

दुसरा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारत होता. ‘साडेआठपर्यंत म्हणजे काय? साडेआठला आलो तर बघणार, की साडेआठला मॅडम उठणार?’ या वस्तीतली कामाला जाणारी माणसं लोकलने परतून घरात पाऊल टाकतात तीच आठच्या सुमाराला. त्यांच्यासाठी सगळी सूचना या एका शब्दावर अडली होती, आणि त्याचा अर्थ आम्हीच ठरवलेला नव्हता.

तिसरा घोळ ‘फेरतपासणी’चा, आणि तो सगळ्यात महागात पडला. आम्हाला म्हणायचं होतं, त्याच दुखण्यासाठी थोड्या दिवसांत परत येणं. पण बीपी आणि शुगरचे पेशंट दर महिन्याला येतात. त्यांचं येणं नवीन, की फेर? काहींना वाटलं शंभर, काहींना वाटलं अडीचशे. त्यातच दोन दिवसांचं औषध फीमध्ये आहे की नाही, याचा उल्लेखच नव्हता. पैसे वाढले आणि औषधाचं नाव नाही म्हटल्यावर लोकांनी आपल्यापुरता हिशोब केला, की औषध आता बाहेरून.

मागच्या गल्लीतल्या एका आजींनी हाच हिशोब केला. त्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बीपी दाखवायला यायच्या आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जायच्या. यावेळी आल्याच नाहीत. नातवाच्या खोकल्यासाठी सून आली तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, तर कळलं की गोळ्या संपून नऊ दिवस झाले होते. बोलावून घेतलं तेव्हा बीपी १७० वर १०० होतं. आजी मॅडमना म्हणाल्या, ‘अगं, दारावर लिवलंय ना, वेळ घेतल्याशिवाय बघणार नाय. मला फोन कुठं लावता येतो?’

त्यांनी सूचना नीट वाचली होती आणि तिच्यात लिहिलं होतं त्याप्रमाणेच वागल्या होत्या. ही गोष्ट मला अजून टोचते. बीपीची गोळी अशी मध्येच सुटली की वरचा आकडा हळूहळू चढत जातो आणि माणसाला बाहेरून काही जाणवतही नाही. दवाखान्याची सूचना ही किराणा दुकानाच्या सूचनेपेक्षा वेगळी का लिहावी लागते, ते इथे दिसतं. ती वाचून कोणी यायचं टाळलं, तर त्याचं औषध थांबू शकतं.

कोणते पर्याय होते

पाच सप्टेंबरच्या रात्री दवाखाना बंद झाल्यावर मॅडम, मामा, काउंटरवरची मुलगी आणि मी बसलो.

एक मार्ग सोपा होता. सूचना तशीच ठेवायची आणि तोंडी समजावत राहायचं, महिन्याभरात लोकांना सवय होईल. मामांचं मत असंच होतं. पण काउंटरवरची मुलगी एका वेळी बिल्ले देणार, पैसे घेणार, फोन उचलणार आणि प्रत्येकाला तेच तेच समजावणार, हे पाच दिवसही नीट जमलं नव्हतं.

दुसरा मार्ग, फक्त कागद बदलायचा. मजकूर चांगला करायचा, नव्या वेळा आणि फी चालू ठेवायच्या. मॅडमचा कल इकडे होता. त्या म्हणाल्या, ‘आता फी मागे घेतली तर लोक म्हणतील, आरडाओरडा केला की कमी होते.’ त्यांच्या भीतीत तथ्य होतं.

तिसरा मार्ग, सगळं पूर्ववत करायचं, चूक मान्य करायची आणि पुरेसा अवधी देऊन नव्याने सांगायचं. मी याच बाजूने बोलले. समोर गणपती होते. त्या वर्षी ७ ते १७ सप्टेंबर. या भागात त्या दहा दिवसांत रस्ते बंद असतात, गर्दीतून वाट काढत दवाखान्यात येणंच अवघड. शिवाय निम्मी चाळ कोकणात गावाला गेलेली. म्हणजे ज्यांना सांगायचं तेच मुंबईत नाहीत, आणि परत येतील तेव्हा फी वाढलेली. नेमका हा काळ अशा बदलासाठी सगळ्यात वाईट.

निर्णय मॅडमनी घेतला, तो नियमाचा विचार करून. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये आलेले नवे विनियम काही दिवसांतच स्थगित झाले. २००२ च्या विनियमांत असं आहे की डॉक्टरांनी आपली फी उपचार सुरू करण्याआधी सांगावी, नंतर नाही, आणि ती दवाखान्याच्या फलकावर स्पष्ट लावावी. मॅडम म्हणाल्या, ‘आपण कागद लावला, पण तो वाचून किती पैसे लागतील हे कोणालाच कळत नाही. मग लावला काय आणि न लावला काय.’ तिसरा मार्ग पक्का झाला. त्या पाच दिवसांत ज्यांच्याकडून जास्त पैसे घेतले होते त्यांच्या केसपेपरवर लाल पेनाने तेवढी रक्कम लिहून ठेवली आणि पुढच्या खेपेला वळती केली. आरडाओरड्याने फी कमी झाली असं एकानेही म्हटलं नाही.

नवी सूचना लिहिताना

तारीख ठरवणं हे पहिलं काम. मी सुरुवातीला तीन आठवड्यांचा अवधी म्हणत होते. मग लक्षात आलं, की जे पेशंट महिन्यातून एकदा येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची फेरी तीन आठवड्यांत येणारच नाही. दवाखान्याच्या सूचनेचा अवधी ठरवायचा तो नियमित पेशंटच्या दोन फेऱ्यांमधल्या अंतरावरून, म्हणजे बदल लागू होण्याआधी प्रत्येक जण निदान एकदा तो कागद पाहून जातो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला सूचना लावायची आणि २१ ऑक्टोबरच्या सोमवारपासून बदल, असे तेहतीस दिवस मिळाले.

मग शब्द. बाकावर बसून लिहिलेल्या प्रश्नांचा सूर एकच होता: ‘मी आत्ता आलो तर मला बघतील का, आणि खिशात किती पैसे हवेत?’ ज्या वाक्याने याचं उत्तर मिळत नाही ते काढायचं, असं ठरवलं. ‘अपरिहार्य कारणास्तव’ गेलं, ‘सहकार्य करावे’ गेलं, ‘वाद घालू नये’ तर आधी गेलं. वाद घालू नका म्हणणारा कागद वाद होणार हे आधीच धरून चालतो, आणि वाचणाऱ्याचा सूरही तसाच लागतो.

वेळ आकड्यांत न लिहिता आपण बोलतो तशी लिहिली: साडेनऊ, साडेबारा, साडेपाच, साडेआठ. त्यामुळे १ आणि ९ चा प्रश्नच संपला आणि ज्यांना वाचून दाखवावं लागतं त्यांनाही एका ऐकण्यात कळतं.

फीचे आकडे ठरवताना मॅडमनी आधी महिन्याच्या पेशंटसाठी १८० रुपये सुचवले होते. मामांनी हात जोडले. रोज संध्याकाळी वीस-वीसच्या नोटा कुठून आणायच्या? यूपीआय आहे, पण या वयाचे पेशंट रोखच देतात. मग २०० झाले. त्याच दुखण्यासाठी परत येण्याची मुदत मात्र आम्ही तीनवरून सात दिवस केली, कारण साधा ताप-खोकलासुद्धा तीन दिवसांत उतरला की नाही हे नक्की सांगता येत नाही, आणि पैशांपायी कोणी पाचव्या दिवशी यायचं टाळू नये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका ओळीवर. ज्यांना वाढीव फी झेपणार नाही त्यांच्यासाठी काय लिहायचं? मॅडम वडिलांसारख्याच अशा पेशंटकडून कमी घेतात किंवा घेतच नाहीत. ‘गरजूंना सवलत’ असं लिहिलं तर ज्याला खरी गरज आहे तो भरल्या बाकासमोर काउंटरवर ते बोलणार नाही. शेवटी ती ओळ कुठे बोलायचं हे सांगणारी झाली. पूर्ण सूचना अशी:

> सूचना
> (लावल्याची तारीख: १८ सप्टेंबर २०२४)
>
> नमस्कार. सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४ पासून दवाखान्याची वेळ आणि फी बदलत आहे. तोपर्यंत सगळं पूर्वीप्रमाणेच राहील.
>
> नवी वेळ, सोमवार ते शनिवार
> सकाळी साडेनऊ ते साडेबारा
> संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ
> साडेआठच्या आत दवाखान्यात पोचलेल्या सगळ्यांना तपासलं जाईल.
>
> नंबर
> फोनवर वेळ घेऊन आलात तर कमी थांबावं लागेल. फोन न करता आलात तरी नंबराप्रमाणे तपासलं जाईल.
> छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल किंवा लहान बाळाला ताप असेल तर नंबरसाठी थांबू नका, काउंटरवर लगेच सांगा. दवाखाना बंद असेल तर १०८ ला फोन करा.
>
> नवी फी
> नवीन दुखण्यासाठी: २५० रुपये (आता १५०)
> त्याच दुखण्यासाठी सात दिवसांत परत आल्यास: १०० रुपये (आता तीन दिवसांपर्यंत मोफत)
> बीपी, शुगरची दर महिन्याची तपासणी: २०० रुपये (आता १५०)
> दोन दिवसांचं औषध पूर्वीप्रमाणेच या फीमध्ये मिळेल.
>
> चार वर्षं फी वाढवली नव्हती. औषधांचा खर्च वाढल्यामुळे आता वाढवावी लागत आहे. फी देणं अवघड असेल तर आत आल्यावर मला सांगा, बाहेर सांगायची गरज नाही.

खाली ‘आदेशावरून’ऐवजी मॅडमचं नाव आणि सही. जुनी फी कंसात लिहायला मामांचा विरोध होता, वाढ डोळ्यांवर येते म्हणून. पण वाढ लपत नाही. लोक मनात वजाबाकी करतातच, आपण लिहिली तर निदान बरोबर होते.

कागद ए-थ्री आकाराचा छापला. एक प्रत दाराबाहेर, बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल अशी एक बाकासमोर. हिंदी मजकूर वेगळ्या कागदावर शेजारी लावला, कारण एका ओळीत मराठी आणि पुढच्या ओळीत हिंदी असं केलं की दोन्ही वाचणं जड जातं. महिन्याच्या पेशंटना मॅडमनी आत तपासताना स्वतः सांगायचं आणि केसपेपरवर ‘सांगितलं’ अशी खूण करायची, हेही ठरलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं ठरलं तेव्हा मॅडमना शंका आली, ही जाहिरात तर नाही ना होणार? डॉक्टरांना जाहिरातीची मनाई आहे. मात्र त्याच विनियमांत फी जाहीर करणं, पत्ता बदलणं, काही काळ गैरहजर असणं अशा गोष्टींची औपचारिक घोषणा वर्तमानपत्रात करायला परवानगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा काळ नंतरचा, पण त्यामागची मर्यादा स्पष्ट आहे. म्हणून संदेशात सूचनेपलीकडे एक शब्द ठेवला नाही. फोटो नाही, स्तुती नाही, शुभेच्छाही नाहीत. ज्यांनी दवाखान्याला स्वतःहून नंबर दिला होता त्यांनाच पाठवला. ग्रुप केला नाही. ग्रुपमध्ये एकमेकांचे नंबर दिसतात आणि कोण या दवाखान्यात उपचार घेतं हेही उघड होतं.

परिणाम

२१ ऑक्टोबरनंतर फीवरून वाद असा झालाच नाही. काउंटरवरची मुलगी प्रत्येक प्रश्नासाठी वहीत एक रेघ मारत होती. पहिल्या आठवड्यात पान भरलं, तिसऱ्या आठवड्यात अर्धंही नाही. साडेआठच्या ओळीमुळे शेवटचा पेशंट सव्वानऊपर्यंत निघायला लागला. मॅडमना अजून लवकर हवं होतं, पण मामांना आता पूर्वीपेक्षा दीड तास आधीची गाडी मिळते. फी अवघड असल्याचं आत येऊन सांगणारे पेशंट पहिल्या महिन्यात मोजकेच होते. त्यात दोन जण असे होते, जे वडिलांच्या वेळेपासून पूर्ण फी देत आले होते आणि ज्यांच्याबद्दल कोणाला कल्पनाच नव्हती. आजी आता वेळेवर येतात, फोन न करता.

पुन्हा करायचं झालं तर

फोनची व्यवस्था आधी करायला हवी होती. ‘फोनवर वेळ घ्या’ लिहिलं, पण काउंटरवर मोबाइल एकच आणि संध्याकाळच्या गर्दीत तो उचलायला हात मोकळा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत न उचललेल्या फोनांची रांग लागली. शेवटी फोनवर वेळ द्यायची मुदत दुपारी बारा ते दोन अशी ठरवली, आणि तीही सूचनेत नंतर जोडावी लागली.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी जास्त विसंबले. ब्रॉडकास्ट लिस्टचा संदेश ज्यांच्या मोबाइलमध्ये दवाखान्याचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आम्ही सगळ्यांना कळवलं असं समजत होतो, आणि बऱ्याच जणांना काहीच आलं नव्हतं. आता केसपेपर काढतानाच मुलगी सांगते, ‘नंबर सेव्ह करून ठेवा.’

आणि रविवार. दवाखाना रविवारी सकाळी दहा ते बारा उघडा असतो, वर्षानुवर्षं. त्यात काही बदल नव्हता म्हणून सूचनेत तो आलाच नाही. ‘सोमवार ते शनिवार’ वाचून लोकांनी धरून चाललं की रविवार आता बंद. पहिले दोन रविवार मॅडम जवळजवळ रिकाम्या बाकासमोर बसल्या. तिसऱ्या रविवारी एक आई तापलेल्या मुलाला घेऊन समोरून सरळ पालिकेच्या रुग्णालयाकडे निघाली होती. मामांनी दारातून हाक मारून तिला आत घेतलं. त्याच दुपारी ‘सोमवार ते शनिवार’च्या खाली मॅडमनी पेनाने लिहिलं: ‘रविवारी सकाळी दहा ते बारा, पूर्वीप्रमाणेच.’ कागद नव्याने छापला तेव्हा ती ओळ वरच्या बाकी ओळींइतक्याच मोठ्या अक्षरात घेतली.